स्प्रिंगचे दोन असमान तुकडे: कुठला किती कडक, आणि कुठल्याला टांगलेलं वजन किती भरभर हलतं?

पीयूसीच्या मुलांना मी हा प्रश्न दरवर्षी घालतो. एक स्प्रिंग आहे, तिचे ३:५ असे दोन तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा बलस्थिरांक किती? आणि तेच वजन प्रत्येक तुकड्याला टांगलं, तर ते सेकंदाला किती वेळा वरखाली होईल? बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेली असतात, गणितात पक्की असतात. तरी पहिलं उत्तर हमखास येतं, "सर, तीन अष्टमांश आणि पाच अष्टमांश की ओ. तुकडा बारका, तर ताकद पण बारकीच."

हे उत्तर उलटं आहे. छोटा तुकडा जास्त कडक असतो. हे फळ्यावर दोन ओळींत सिद्ध होतं, पण खरी स्प्रिंग कापून मोजायला बसलं की आकडे सूत्राशी जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हे कळलं की स्प्रिंग खऱ्या अर्थाने कळते. म्हणून आधी गणित थोडक्यात आणि मग एक खरीखुरी स्प्रिंग घेऊन सगळं करून बघू.

वेढे मोजा, लांबी नंतर

स्प्रिंगला खाली वजन टांगलं की वरच्या वेढ्यापासून खालच्या वेढ्यापर्यंत प्रत्येक वेढ्यावर तेवढाच ताण येतो. वजन सगळ्यांत वाटलं जात नाही, प्रत्येक वेढा ते पूर्ण पेलतो. तार सगळीकडे सारखी आणि वेढ्याचा व्यास सारखा असेल, तर प्रत्येक वेढा सारखाच उघडतो. एका वेढ्यामागे ०.४ मिलिमीटर वाढ होत असेल तर ८० वेढ्यांची ३२ मिलिमीटर, ३० वेढ्यांची १२ मिलिमीटर. तेच वजन, कमी वाढ, म्हणजे कडकपणा जास्त. एवढंच आहे सगळं.

आता हेच सूत्रात. पूर्ण स्प्रिंगचे वेढे N, बलस्थिरांक k. तुकड्याचे वेढे N1, बलस्थिरांक k1. तर

```
k × N = k1 × N1 = k2 × N2
```

वेढे सारख्या अंतरावर असतील तर N च्या जागी नैसर्गिक लांबी घातली तरी चालतं, पुस्तकात तसंच असतं. पण हातात स्प्रिंग असेल तर पट्टी बाजूला ठेवा आणि वेढे मोजा. लांबीत दोन्ही टोकांचे हुक येतात आणि हुक काही वेढ्यासारखे उघडत नाहीत.

३:५ चं गणित करताना मुलं अडकतात ती गुणोत्तराला अपूर्णांक समजून. तुकडा पूर्ण स्प्रिंगचा कितवा भाग आहे, ते आधी काढायचं. ३ आणि ५ मिळून ८, म्हणजे छोटा तुकडा ३/८ आणि मोठा ५/८. हे अपूर्णांक उलटे करून k ला गुणायचं:

```
k1 = 8k/3
k2 = 8k/5
```

प्रश्नात कधी "पहिल्या तुकड्याची लांबी दुसऱ्याच्या n पट" असं येतं. तिथंही तेच. एकूण n+1 भाग, मोठा n/(n+1), छोटा 1/(n+1). म्हणून मोठ्याचा k(n+1)/n आणि छोट्याचा k(n+1).

उत्तर बरोबर आलं की नाही ते तपासायला एक युक्ती आहे. दोन्ही तुकडे एकाखाली एक परत जोडले की जुनी स्प्रिंग मिळाली पाहिजे. म्हणजे 1/k1 + 1/k2 हे 1/k आलं पाहिजे. 3/8k अधिक 5/8k बरोबर 1/k, जुळलं. "तीन अष्टमांश" वालं उत्तर या तपासणीत लगेच पडतं. त्यात तुकड्यांची बेरीज k येते आणि ते बघून मुलांना वाटतं की बरोबरच आहे. पण k ची बेरीज स्प्रिंगा शेजारी शेजारी लावल्यावर करतात, एकाखाली एक लावल्यावर नाही.

वारंवारता मग एका पायरीवर आहे:

```
f = (1/2π) √(k/m)
```

वजन तेच ठेवलं तर f ही k च्या वर्गमुळाने वाढते. छोट्या तुकड्यावर ती 8/3 पट होत नाही, √(8/3) म्हणजे १.६३ पट होते. परीक्षेत अर्धे गुण इथं जातात.

खरी स्प्रिंग: कापायच्या आधीचं मोजमाप

बेळगावच्या उद्यमबागेत स्प्रिंगा करणाऱ्या आणि विकणाऱ्या बारक्या वर्कशॉपांत ताणायची स्प्रिंग सहज मिळते. मागताना "पुल स्प्रिंग, बारीक तारेची, लांब" एवढं सांगितलं तरी दुकानदार दोन-चार पुढ्यात टाकतो. त्यातली ०.८ मिलिमीटर तारेची, वेढ्याचा सरासरी व्यास १२ मिलिमीटर, ८० वेढ्यांची स्प्रिंग घेऊ. वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, म्हणून बिनवजनाची असताना वेढ्यांची लांबी ६४ मिलिमीटरच भरते. तिचं स्वतःचं वजन जेमतेम १२ ग्रॅम.

तार पोलादी पियानो वायर असेल तर k कागदावरही काढता येतो:

```
k = G d^4 / (8 D^3 N)
```

इथं d म्हणजे तारेची जाडी, D वेढ्याचा सरासरी व्यास आणि G पोलादाचा दृढता गुणांक. G ७९ गिगापास्कल धरला तर २९.३ न्यूटन प्रति मीटर येतो. पण यावर जास्त विसंबू नका. तारेची जाडी चौथ्या घातात आहे. मायक्रोमीटरवर ०.८० ऐवजी ०.८१ वाचलं, तर k पाच टक्क्यांनी वर जातो. प्रत्यक्ष मोजलेलंच खरं. हे सूत्र इथं दिलं ते एवढ्यासाठी की N खाली छेदात आहे आणि बाकी सगळं कापल्यावर तसंच राहतं, हे डोळ्यांनी दिसावं.

आता स्टँडला स्प्रिंग टांगा, शेजारी पट्टी उभी करा आणि १००, २००, ३००, ४०० ग्रॅम टांगून वाढ लिहा. वजनांचा संच नसेल तर बाटलीत पाणी भरून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, चालतं. आपल्या स्प्रिंगवर असं येतं: १०० ग्रॅमला २० मिलिमीटर, २०० ला ५३, ३०० ला ८७, ४०० ला १२०.

इथं थांबून आकडे नीट बघा. १०० ग्रॅमला २० मिलिमीटर, म्हणजे ०.९८ न्यूटन भागिले ०.०२ मीटर, k आला ४९. चारशे ग्रॅमवरून काढला तर ३.९२ भागिले ०.१२, आला ३२.७. एकाच स्प्रिंगचे दोन k? मुलं अशा वेळी हमखास "प्रयोगातील त्रुटी" असं लिहून मोकळी होतात. ही त्रुटी नाही. चिकटून गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये कारखान्यातच आतला ताण भरलेला असतो आणि वेढे एकमेकांवर दाबून बसलेले असतात. तेवढा ताण ओलांडल्याशिवाय स्प्रिंग उघडतच नाही. या स्प्रिंगला ३० ग्रॅम टांगून बघा, ती ढिम्म हलणार नाही.

उपाय सोपा आहे. शून्यापासून मोजायचंच नाही, दोन वजनांमधला फरक घ्यायचा. १०० वरून ४०० वर गेलो, म्हणजे ३०० ग्रॅम वाढवले, आणि स्प्रिंग २० वरून १२० वर गेली, म्हणजे १०० मिलिमीटर.

```
k = (0.3 × 9.8) / 0.1 = 29.4 N/m
```

मधल्या नोंदीही याच रेषेवर बसतात, दर १०० ग्रॅमला ३३ ते ३४ मिलिमीटर. आलेख काढला तर सरळ रेषा येते, फक्त ती आरंभबिंदूतून जात नाही. वजनाच्या अक्षाला ती ४० ग्रॅमवर छेदते, आणि तेवढाच आतला ताण आहे, ०.३९ न्यूटन. (बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे आणि विषुववृत्ताच्या जवळही, त्यामुळे इथं g ९.८१ नसून ९.७८ च्या आसपास असतो. पट्टीवर अर्धा मिलिमीटर चुकण्यापुढे हा फरक काहीच नाही, ९.८ धरा.)

कापणं

सरळ कापायला जायचं नाही. आधी ठरवायचं की कापल्यावर दोन्ही तुकड्यांना कापलेल्या बाजूला नवा हुक लागणार आहे, आणि हुक एक वेढा वाकवूनच होतो. म्हणजे दोन वेढे हुकांत जाणार. आपण ३१ आणि ४९ वर कापू. एकेक वेढा हुकाला गेला की छोट्यात कामाचे वेढे ३० राहतात आणि मोठ्यात ४८.

वेढे मोजायला स्प्रिंग एका खिळ्यात अडकवून किंचित ताणा आणि दाभणाचं टोक एकेका वेढ्यावरून सरकवत जा. दर दहाव्या वेढ्यावर मार्कर पेनाने ठिपका द्या. चिकटलेले वेढे नुसत्या डोळ्यांनी मोजायला गेलात तर ८० मध्ये एक-दोन इकडेतिकडे होतातच.

कापायला ग्राइंडर हाताशी असला तरी तो घेऊ नका. तिथल्याच एका वर्कशॉपात लेथवर काम करणारे मामा म्हणाले ते बरोबर आहे, "ग्राइंडरनं नको ओ सर, तापतंय ते. निळं पडलं की तिथलं पाणी गेलं बघा." पोलाद निळं पडेपर्यंत तापलं की तेवढ्या भागाची तार मऊ होते, आणि नेमक्या तिथंच आपल्याला हुक वाकवायचा असतो. साध्या पकडीनेही ही तार कापू नका, तार पकडीच्या धारेपेक्षा कडक असते आणि धारेलाच खाच पडते. तिकोनी कानशीने तारेला अर्ध्यापर्यंत खाच पाडा, दोन पकडींत धरून मोडा. मोडताना तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. वर्गात करत असाल तर मुलांना मागं उभं करा.

शेवटचा वेढा बारीक तोंडाच्या पकडीने धरून नव्वद अंशांत उभा करा, हुक झाला. वेढा वाकवताना शेजारचा वेढाही उघडून सैल झाला, तर तो आता बाकीच्यांसारखा वागणार नाही. तसं झालं तर तोही हुकात गेला असं समजून मोजणीतून काढा.

आधी अंदाज, मग मोजमाप

अंदाज आता तोंडी करता येतो. k × N म्हणजे २९.४ × ८० = २३५२. हा आकडा त्या तारेचा आणि त्या व्यासाचा आहे, स्प्रिंग कितीही कापली तरी तो बदलत नाही. म्हणून

```
k1 = 2352 / 30 = 78.4 N/m
k2 = 2352 / 48 = 49.0 N/m
```

पुस्तकी ३:५ ने छोटा ७८.४ च आला असता, पण मोठा ४७ आला असता, कारण पुस्तकातल्या स्प्रिंगला हुक नसतात. आणि आणखी एक, भागाकारात ८० च घ्यायचा, ७८ नाही. k ज्या स्प्रिंगचा मोजला तिच्यात ८० वेढे कामाला होते. दोन्ही तुकडे जोडले तर आता जुना २९.४ येणार नाही, ३०.२ येईल, कारण दोन वेढे कमी झालेत.

मोजताना पुन्हा फरकाचीच पद्धत. १०० वरून ४०० ग्रॅमवर जाताना छोटा तुकडा ३७.५ मिलिमीटर वाढला पाहिजे आणि मोठा ६०. आतला ताण मात्र दोन्ही तुकड्यांत पूर्वीइतकाच, ४० ग्रॅम, असतो. तो वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही, तो तारेत प्रत्येक ठिकाणी सारखाच भरलेला आहे. आलेख काढला तर तिन्ही रेषा वजनाच्या अक्षावर त्याच ४० ग्रॅमच्या बिंदूतून निघतात, चढ फक्त वेगवेगळा. एखादी रेषा दुसरीकडून निघाली, तर कापताना किंवा हुक करताना स्प्रिंग कुठेतरी जास्त ताणली गेली असं समजा.

वजन हलवून बघू

२०० ग्रॅम घेऊ. सूत्रात m म्हणून नुसते २०० घातले तर थोडी चूक होते, कारण वजनाबरोबर स्प्रिंगही हलते. स्प्रिंगचं वरचं टोक स्थिर आणि खालचं टोक वजनाइतक्या वेगाने हलतं, मधले वेढे त्या प्रमाणात. ऊर्जेचा हिशेब केला तर स्प्रिंगच्या वजनाचा एक तृतीयांश भाग m मध्ये मिळवावा लागतो. पूर्ण स्प्रिंग १२ ग्रॅमची, म्हणजे ४ ग्रॅम. छोटा तुकडा साडेचार ग्रॅमचा, म्हणजे दीड. मोठा ७.२ चा, म्हणजे २.४. मग

```
पूर्ण:  f = (1/2π) √(29.4/0.2040) = 1.91 Hz
मोठा:  f = (1/2π) √(49.0/0.2024) = 2.48 Hz
छोटा:  f = (1/2π) √(78.4/0.2015) = 3.14 Hz
```

हे ताडून बघायला ५० दोलनं मोजा आणि वेळ घ्या. पूर्ण स्प्रिंगला २६.२ सेकंद लागायला हवेत, मोठ्या तुकड्याला २०.२, छोट्याला १५.९. मोजणी शून्यापासून सुरू करायची, म्हणजे घड्याळ दाबताना "शून्य" म्हणायचं. "एक" म्हणत सुरुवात केली तर ४९ च दोलनं भरतात. वेळ बघायची ती वजन मधल्या जागेतून खाली जाताना, सर्वांत खाली असताना नाही. तळाशी वजन क्षणभर रेंगाळतं आणि नेमका क्षण सापडत नाही.

छोट्या तुकड्यावर सेकंदाला तीन दोलनं होतात, तोंडाने मोजताना जीभ मागं पडते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, किंवा ४०० ग्रॅम टांगा, मग सेकंदाला सव्वादोनच होतात आणि नीट मोजता येतात.

आता यात कायकाय बिघडतं ते बघू. सगळ्यांत पहिलं म्हणजे वजन जास्त ओढून सोडणं. छोट्या तुकड्यावर २०० ग्रॅम टांगले की तो २० मिलिमीटर उघडतो. वजन २० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली ओढून सोडलं, तर वर जाताना वेढे एकमेकांवर आपटतात. टकटक आवाज येतो आणि कान देऊन ऐकलं तर लगेच कळतो. तिथून पुढे ती साधी सरल आवर्त गती राहिली नाही, सूत्र लागू नाही. दहा मिलिमीटर ओढा, पुरे. पूर्ण स्प्रिंगवर ५३ मिलिमीटर मोकळीक असते म्हणून तिथं कुणाला त्रास होत नाही, आणि तीच सवय छोट्या तुकड्यावर घात करते.

दुसरा बिघाड बघायला मजेशीर आहे. वजन सरळ वरखाली होत असतं आणि बघता बघता लंबकासारखं आडवं झुलायला लागतं, वरखाली होणं जवळजवळ थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. स्प्रिंगची वारंवारता लंबकाच्या बरोबर दुप्पट आली की असं होतं. टांगलेल्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर L धरलं, तर k/m हे 4g/L इतकं आलं की हा प्रकार होतो. आपल्या छोट्या तुकड्यावर २०० ग्रॅमला ते अंतर १० सेंटिमीटर येतं, आणि तुकडा, हुक, वजन मिळून लांबी भरते तीही जवळपास तेवढीच. म्हणजे नेमकी नको तिथं. पूर्ण स्प्रिंगला ते २७ सेंटिमीटर येतं, तिथं नुसत्या स्प्रिंगने धोका नाही, पण मध्ये दोरा बांधून लांबी वाढवली तर आहे. वजन झुलायला लागलं की वजन बदला किंवा मध्ये आखूड कडक तार घाला. हाताने झोका थांबवून पुन्हा मोजत बसण्यात अर्थ नाही, तो परत येणारच.

घड्याळाशिवायची तपासणी

मला स्वतःला स्टॉपवॉचपेक्षा ही पद्धत जास्त आवडते. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी टांगा आणि वजनं अशी निवडा की दोघांची लय एक व्हावी. त्यासाठी k/m दोन्हीकडे सारखं हवं. छोटा तुकडा मोठ्याच्या ४८/३० म्हणजे १.६ पट कडक, म्हणून त्यावर वजनही १.६ पट हवं. मोठ्यावर २०० ग्रॅम असतील तर स्प्रिंगचा वाटा धरून २०२.४, त्याचे १.६ पट ३२३.८, त्यातून छोट्या तुकड्याचा दीड ग्रॅम वजा. छोट्यावर ३२२ ग्रॅम टांगायचे.

दोन्ही वजनं एकदमच खाली ओढून सोडा. वेढ्यांची मोजणी बरोबर असेल तर ती बराच वेळ एकत्र वरखाली होत राहतात. मोजणीत अर्ध्या वेढ्याची चूक असली, समजा छोट्यात खरं तर साडेतीस वेढे असले, तर लय हळूहळू तुटते आणि साठेक दोलनांनी, म्हणजे सुमारे चोवीस सेकंदांत, एक वजन वर असताना दुसरं खाली दिसतं. पन्नास दोलनांच्या वेळेत ही चूक जेमतेम दोन दशांश सेकंदांची असते, म्हणजे बोटाने बटण दाबण्यात जाते तेवढीच. इथं ती डोळ्यांसमोर उभी राहते. शिवाय इथं k ची किंमत लागत नाही, g लागत नाही, घड्याळही लागत नाही. फक्त वेढे आणि वजनं.

कुठलं वजन पुढे पळतंय ते बघून चूक कुठल्या बाजूची तेही कळतं. छोट्यावरचं वजन मागं पडत असेल तर छोटा तुकडा समजला त्यापेक्षा नरम आहे, म्हणजे त्यात वेढे जास्त आहेत किंवा हुकाजवळचा एखादा वेढा सैल झालाय. एक काळजी घ्या, दोन्ही तुकडे एकाच हलक्या पट्टीला टांगू नका. पट्टी थरथरते आणि एकाची हालचाल दुसऱ्याला जाते. दोघं ओढूनताणून एका लयीत आल्यासारखी दिसतात किंवा आळीपाळीने थांबतात. वेगवेगळे जड स्टँड घ्या, किंवा दाराच्या चौकटीत दोन खिळे ठोका.

वजन दोन्ही तुकड्यांच्या मध्ये

प्रश्नाचा पुढचा भाग हा असतो: तुकडे कापले, एक वर बांधला, एक खाली बांधला, आणि वजन मध्ये अडकवलं. वजन खाली सरकलं की वरचा तुकडा जास्त ताणतो आणि खालचा सैलावतो. दोन्ही बल वजनाला त्याच दिशेने, वर, परत ढकलतात. म्हणून इथं बेरीज:

```
k = 78.4 + 49.0 = 127.4 N/m
f = (1/2π) √(127.4/0.2039) ≈ 3.98 Hz
```

पूर्ण स्प्रिंगवर तेच वजन १.९१ हर्ट्झने हलत होतं, इथं ते दुपटीहून जास्त झालं. आणि हे नेहमीच तसं असतं. तुकडा पूर्ण स्प्रिंगचा x भाग असेल तर बेरीज k/(x(1−x)) येते, आणि x किती का असेना, ती 4k पेक्षा कमी होत नाही. बरोबर मध्ये कापली तर 4k, म्हणजे वारंवारता दुप्पट (स्प्रिंगचं वजन सोडून). कडेला कापत जाल तसं ती वाढतच जाते.

प्रत्यक्ष मांडताना खालचा तुकडाही आधीपासून ताणलेला हवा, निदान ४० ग्रॅमचा आतला ताण ओलांडून दहा-पंधरा मिलिमीटर उघडलेला. नाहीतर वजन खाली येताना खालच्या तुकड्याचे वेढे बंद होतात. मग खाली जाताना एक k आणि वर जाताना दुसरा, असं काहीतरी मिळतं.

हे कुठे चालत नाही

k × N कायम राहतं ते वेढ्याचा व्यास टोकापासून टोकापर्यंत सारखा असेल तरच. टॉर्चच्या सेलमागे असते तशी निमुळती स्प्रिंग कापली, तर रुंद बाजूचे वेढे जास्त उघडतात, कारण वाढ व्यासाच्या घनावर जाते. तिथं दोन्ही तुकड्यांत वेढे सारखे असले तरी k वेगळे येतात.

दाबायच्या स्प्रिंगमध्ये दोन्ही टोकांचे वेढे सपाट घासून बसवलेले असतात, साधारण एकेक वेढा. ते काम करत नाहीत, मोजायचे नाहीत. मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमधली स्प्रिंग दोन-तीन वेढे कापून आखूड करणारे आपल्याकडेही आहेत. गाडी खाली बसते हे त्यांना कळतं, पण उरलेली स्प्रिंग जास्त कडक झाली हे खड्ड्यातून गेल्यावर मणक्याला कळतं. शिवाय कापलेल्या बाजूला सपाट टोक राहत नाही, स्प्रिंग तिरकी बसते. आणि काही फोर्कमध्ये वेढे एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ असतात. तिथं दाट बाजू कापली की विरळ बाजू कापली यावर पुढचं सगळं ठरतं, नुसत्या लांबीच्या गुणोत्तरावरून उत्तर काढता येत नाही.

आणि अगदी छोटा तुकडा, आठ-दहा वेढ्यांचा, घेऊन हा प्रयोग करू नका. हुक वेढ्यासारखा उघडत नसला तरी थोडासा लवतोच. तीस वेढ्यांत ते लपून जातं, आठ वेढ्यांत k पाच-सात टक्क्यांनी सूत्रापेक्षा कमी दिसायला लागतो, आणि मग मुलं पुन्हा वहीत "प्रयोगातील त्रुटी" लिहितात.